लाल पट्टीतली धाव

माणूस पासष्ट वर्षांचा झाला की त्याला काय भेट द्यावी, हे परदेशात राहणाऱ्या आमच्या मुलाला सुचेना. म्हणून त्याने बापाला मनगटी घड्याळ पाठवलं. वेळ दाखवणं हे त्या घड्याळाचं सगळ्यात फालतू काम. बाकी ते नाडी मोजायचं, पावलं मोजायचं, झोप मोजायचं आणि मोजलेलं सगळं फोनमधल्या ॲपला जाऊन सांगायचं. चुगलखोर शेजारीण बरी, ती निदान दुपारची दोन तास झोपते.

आमच्या ह्यांनी ते ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, स्वतःचं नाव घातलं, जन्मसाल घातलं, वजन घातलं, पुरुष म्हणून खूण केली. मग घड्याळ बांधून आमच्या लाँड्रीत तीन दिवस मिरवले. चादरी न्यायला आलेल्या हॉटेलवाल्याला बाही वर करून दाखवलं. चौथ्या दिवशी पट्ट्याखाली खाज सुटली आणि घड्याळ खुंटीवर गेलं.

तिथून ते पुतणीच्या हातावर आलं. माझ्या धाकट्या दिरांची ही मुलगी, वय तेवीस. आई दुसऱ्या गावी नोकरीला, म्हणून ही आमच्याकडे राहायची. अग्निशमन दलाची भरती निघाली होती आणि तिचा अर्ज मंजूर झाला होता. ठरलेल्या वेळेत धावणं, शिडी चढणं, खांद्यावर माणसाएवढं ओझं घेऊन चालणं, अशी परीक्षा होती. ओझ्याची तिला चिंता नव्हती. आमच्याकडे ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून काढून वरच्या मजल्यावर न्यायला तीच लागायची. प्रश्न धावण्याचा होता. ही भरती वर्षानुवर्षं निघत नाही. पुढची निघेपर्यंत हिचं वय उलटलं असतं. म्हणजे काय ते याच वेळी.

"घे, तुला उपयोगी पडेल," हे म्हणाले. "पण ॲप माझ्याच फोनवर राहू दे. मी लक्ष ठेवीन."

आमच्या घरात सगळंच ह्यांच्या फोनवर आणि ह्यांच्या नावावर असतं. दुकान, गॅस, विजेचं मीटर, माझं सिमकार्डसुद्धा. तेव्हा पोरीच्या हातावरचं घड्याळही ह्यांच्याच नावावर राहिलं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पहिल्या दिवशी ती धावून आली आणि हे फोन घेऊन पायऱ्यांवर वाट बघत उभे. घड्याळ जवळ आलं की सगळी माहिती आपोआप फोनमध्ये उतरायची. एक रंगीत पान उघडायचं. त्यात पाच पट्ट्या. राखाडी, निळी, हिरवी, केशरी, लाल. हृदय किती जोरात धडधडलं त्याप्रमाणे धावण्याचा वेळ त्या पट्ट्यांत वाटलेला. पहिली म्हणजे नुसतं फिरणं, पाचवी म्हणजे जीव तोडून पळणं.

पोरीचं पान वरपासून खालपर्यंत लालच होतं.

"हे काय गं?" ह्यांचा आवाज चढला. "सगळा वेळ पाचव्या पट्टीत?"

"काका, मी तर आज हळूच धावले. मैत्रिणीशी गप्पा मारत होते."

"गप्पा मारत होतीस! एकशे पंचेचाळीस नाडी आणि गप्पा!"

"खरंच मारत होते. तिच्या सासूच्या."

"मशीन खोटं बोलतं का?"

मशीन खोटं बोलतं की नाही हे मला माहीत नव्हतं. माणसं बोलतात एवढं माहीत होतं. म्हणून मी चहा टाकला.

ॲप परदेशी, त्यातली भाषा परदेशी. आमच्या ह्यांना इंग्रजी येतं तेवढं पावती वाचण्यापुरतं. पण अडलं म्हणून थांबणारा हा माणूस नाही. फोनमध्येच भाषांतराची सोय होती, तिच्यात एकेक शब्द टाकायचा आणि निघेल तो अर्थ पोरीच्या डोक्यावर मारायचा. प्रत्येक धावेच्या शेवटी ॲप त्या धावेला एक नाव द्यायचं. एक दिवस 'थ्रेशोल्ड' आलं. हे म्हणाले, "आज तू उंबरठ्यावर आहेस."

"कुठल्या?"

"ते दिलेलं नाही. पण उंबरठ्यावर असणं बरं नसतं."

एक दिवस 'रिकव्हरी' चोपन्न तास आलं. म्हणजे अंगाला सावरायला इतका वेळ द्या. ह्यांच्या भाषांतरात त्याची 'वसुली' झाली. चोपन्न तासांत कुणाकडून काय वसूल करायचं ते काही केल्या उमगेना, तेव्हा दुपारभर चिडचिड करत बसले. शेवटी दवाखान्याच्या चादरी न्यायला आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं की ते विश्रांतीबद्दल आहे. झालं. ह्यांनी पोरीला दोन दिवस मैदान बंद केलं.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट होती आणि मी दिलीही असती सोडून. पण लाल रंग पाहिला की ह्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला ओळखीचं होतं. पोरीचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्याच दुकानात गेले. गठ्ठा खांद्यावर होता, पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. ह्यांनी भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. म्हणून पोरगीही काकांपुढे तोंड उघडत नव्हती. तिलाही ते आठवत असणार. भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीच्या हातात ते दीडशहाणं खेळणं आलं होतं.

थोड्याच दिवसांत ॲपने मोठ्या अक्षरांत 'ओव्हररीचिंग' असं लिहिलं. ह्यांनी अर्थ काढला, की झेपेल त्यापलीकडे हात घातला आहे. या वेळी अर्थ बरोबर निघाला, हेच वाईट झालं.

जेवताना निकाल लागला. "उद्यापासून दुसऱ्या पट्टीच्या वर जायचं नाही."

"काका, परीक्षा जवळ आलीय."

"म्हणूनच. दुसरी पट्टी त्र्याण्णव ते एकशे आठ. त्यातच राहायचं. पाया पक्का होतो, मी वाचलंय."

"एकशे आठवर मी धावूच शकत नाही. नुसतं भरभर चाललं तरी तेवढी होते."

"मग चाल."

"चालण्याची परीक्षा नाहीये, काका!"

"आणि तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? एकाला उचलून नेलंय मी या दुकानातून."

पोरीने ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरने हिला तपासून दाखला दिलाय ना? हृदयाचा आलेखसुद्धा काढला."

"डॉक्टरने पाच मिनिटं बघितलं. हे चोवीस तास बघतं."

चोवीस तास बघणारी माझी सासूही होती. तिलाही शेवटपर्यंत काही समजलं नाही. पण हे मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून बाकीची पोरं-पोरी मैदानाला फेऱ्या मारायची आणि आमची पुतणी कडेने चालायची. घड्याळ मनगटावर थरथरलं की पाय आवरायचे. त्यांच्यात एक लंबू होता, जिभेला हाड नसलेला. तो प्रत्येक फेरीला तिच्या बाजूने जाताना ओरडायचा.

"काय मावशी, भाजी आणायला का?"

पुढच्या फेरीला, "मावशी, पिशवी विसरलात!"

हे तिने मला घरी येऊन हसत सांगितलं. हसता हसता गठ्ठा असा आपटला की चादरीतलं पाणी भिंतीवर उडालं.

मैदानावर शिकवणारे एक निवृत्त अग्निशामक होते. सगळे त्यांना शिट्टीवाले म्हणायचे. त्यांनी दोनदा विचारलं, पाय दुखतो का म्हणून. ती म्हणाली, नाही, घरचं आहे. घरचं म्हटल्यावर ते दुसऱ्या पोरांकडे वळले. आपल्याकडे या शब्दापुढे कुणाचं चालत नाही.

मग झोपेचे गुण सुरू झाले. ते ॲप रोज सकाळी शंभरापैकी आकडा द्यायचं. गाढ झोप किती, हलकी किती, स्वप्नांची किती, मधे कितीदा जाग आली, याचा हिशोब करून. पोरीला एकदा अठ्ठावन्न आले, खाली लिहिलेलं 'पुअर'. यासाठी ह्यांना भाषांतराची गरज पडली नाही.

"अठ्ठावन्न! झोपायचंसुद्धा जमत नाही तुला?"

"डोळा लागत नाही, काका."

"का लागत नाही?"

आता याला काय सांगायचं? ज्याच्यामुळे झोप उडाली तोच सकाळी गुणपत्रिका घेऊन उभा. ह्यांनी नवा कायदा काढला. जेवणं लवकर, टीव्ही बंद, दिवे बंद, घरात आवाज नाही. मी, जिला झोपेचा आजवर कधी त्रास झाला नाही, तीही अंधारात छताकडे बघत पडून राहू लागले. भांडं घासताना आवाज झाला तर हे "शूऽऽ" करायचे, इतक्या जोरात की खालचा कुत्रा भुंकायचा.

दोन दिवसांनी सकाळी ह्यांनी फोन माझ्या नाकापुढे नाचवला. "बघ! अठ्ठ्याऐंशी! एक्सलंट! आहे की नाही शिस्तीचा परिणाम?"

पोरगी दात घासत होती. तिने चूळ भरली आणि मला हळूच म्हणाली, "काकू, मी रात्रभर जागी होते."

"काय सांगतेस?"

"हललेच नाही. हललं की घड्याळाला समजतं, मग काका बोलतात. म्हणून भिंतीकडे तोंड करून दगडासारखी पडून राहिले, हळूहळू श्वास घेत. त्याला वाटलं झोपले."

ती आरशात बघत राहिली. डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि ह्यांच्या फोनमध्ये ती एक्सलंट होती.

"मग सांग की त्यांना," मी म्हटलं.

"म्हणतील मशीन खोटं बोलतं का."

पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला, हे मला तिच्या भुवयांवरून दिसत होतं. झोपेच्या बाबतीत जे फसतं ते धावण्याच्या बाबतीत फसत नसेल कशावरून? तिने एक-दोनदा काकांचा फोन मागितला. ह्यांनी दिला नाही. दुकानाचे व्यवहार असतात म्हणे त्यात. लांबूनच पान दाखवायचे आणि परत खिशात.

इतके दिवस चालल्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. ॲपने नवा शब्द काढला, 'डीट्रेनिंग'. व्यायाम कमी पडल्याने कमावलेला दम उतरत चालला आहे, असा त्याचा अर्थ. ज्याच्या सांगण्यावरून पोरीला चालायला लावलं, तेच आता म्हणत होतं की ही नुसती चालते. माणसाने यावरून काहीतरी ओळखावं की नाही? ह्यांनी ओळखलं.

"आळशी झालीस तू," हे म्हणाले.

पोरीने हातातली चादर घडी न करता टेबलावर टाकली. "काका, उद्या मैदानावर सगळ्यांची सराव परीक्षा आहे. खऱ्यासारखी, वेळ लावून. मी धावणार आहे."

"मी येणार आहे," हे म्हणाले.

"या."

मीही गेले. ह्यांना एकटं सोडण्याची माझी हिंमत नव्हती.

मैदानाला तारेचं कुंपण होतं. शिट्टी झाली आणि सगळे सुटले. पुतणी पहिल्या फेरीत पुढच्या घोळक्यात होती. दुसऱ्या फेरीत मागे पडू लागली. मला धावण्यातलं काही समजत नाही, पण दमलेलं माणूस मला समजतं. आधी ती अशी दमत नव्हती. घड्याळ थरथरत असणार, ती बघत नव्हती. घोळका पुढे निघून गेला आणि ती ठरलेल्या वेळेनंतर पोचली. शिट्टीवाल्यांनी तिच्या नावापुढे फुली मारली. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली.

हे फाटकातून आत घुसले. घड्याळ जवळ आल्यावर फोनमध्ये पान उतरलंच होतं. "लाल! बघा, सगळं लाल! एकशे ब्याऐंशी नाडी! मास्तर, या पोरीला थांबवा. हिचं हृदय कमकुवत आहे. मी हिला परीक्षेला पाठवणार नाही."

सगळे वळून बघू लागले. लंबूसुद्धा.

भरतीच्या मैदानावर, शिकवणाऱ्यासमोर, पोरीचं हृदय कमकुवत आहे असं ओरडून सांगणारा काका. मला वाटलं, जमीन दुभंगली तर मी ह्यांना आधी ढकलीन.

पोरगी सरळ झाली. चालत आली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने काकांच्या हातातून फोन ओढून घेतला. ह्यांनी हात पुढे केला, तर मी मधे उभी राहिले.

ती पान खाली सरकवत गेली. आमचे हे रोज वरचा रंग आणि पहिला मोठा शब्द वाचून थांबायचे. खाली काय असतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. बारीक अक्षरांतली एक ओळ तिने दोनदा वाचली. मग मोठ्याने, मराठीत, मैदानाला ऐकू जाईल अशी.

"अभिनंदन. तुमचा दम साठ ते एकोणसत्तर वर्षांच्या पुरुषांमध्ये अव्वल दर्जाचा आहे."

कुणालाच काही समजलं नाही. मग लंबूला समजलं आणि तो गवतावर आडवा पडला. "मावशी नाही, आजोबा आहेत हे! आजोबा, पाया पडतो!"

"काका," ती म्हणाली, "यात कुणाचं वय घातलंय?"

"माझं. म्हणजे... घड्याळ माझं आहे."

"हे दोनशे वीसमधून वय वजा करतं. तुमचे पासष्ट गेले की उरले एकशे पंचावन्न. म्हणजे यापेक्षा जास्त नाडी तुमची जाऊ नये. माझे तेवीस वजा करा. एकशे सत्त्याण्णव. एकशे पंचेचाळीस म्हणजे माझी तिसरी पट्टी, आणि तीही तळाची. मी गप्पा मारत धावत होते, तुम्हाला सांगत होते मी!"

शिट्टीवाले म्हणाले, "तोही अंदाजच हं. कुणाची दहा वर जाते, कुणाची दहा खाली. पण तीस-चाळीसचा फरक म्हणजे दुसरंच माणूस."

ती अजून फोनमध्ये बघत होती. "आणि हे काय? 'नवी कमाल नाडी आढळली, नोंदवायची का?' चार वेळा विचारलंय याने. चारही वेळा 'नको' दाबलंय. कोणी दाबलं?"

ह्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "वाढीव आकडा होता. म्हटलं, कशाला वाढवायचा?"

त्या घड्याळाबद्दल मी या गोष्टीत बरंच वाईटसाईट बोलले आहे. एवढं मात्र सांगितलं पाहिजे, की ते बिचारं विचारत होतं. काहीतरी जुळत नाही असं चारदा म्हणालं होतं. आमच्या घरात इतकी वर्षं राहून मीही तेवढं म्हटलं नव्हतं.

पोरीने तिथेच उभं राहून जन्मसाल बदललं, पुरुषाची बाई केली, वजन बदललं. जुनी पानं लाल होती ती लालच राहिली. मग घड्याळ हातातून काढलं, फोनवर ठेवलं आणि दोन्ही काकांच्या हातात दिलं.

"हे आता माझं खरं सांगेल. पण मला नको. परीक्षेपर्यंत मला काही विचारायचं नाही. किती झोपले, किती धावले, काही नाही."

"अगं, पण..."

"काका, बाबा गेले तेव्हा मीही तिथेच होते."

ह्यांनी घड्याळ खिशात टाकलं. शिट्टीवाल्यांनी घसा खाकरून विचारलं, "उद्या पहाटे येशील?" ती म्हणाली, "येईन."

उतरलेला दम थोड्या दिवसांत पुरता परत येत नाही. शिट्टीवाल्यांनी तसं स्पष्टच सांगितलं. एक दिवस जोरात, एक दिवस हळू, शेवटचे दोन दिवस जवळजवळ काहीच नाही, असं त्यांनी तिला धरून ठेवलं. घरी ह्यांनी शब्द पाळला, म्हणजे तिला काही विचारलं नाही. मला विचारायचे. "झोपली का गं?" मी म्हणायचे, "जाऊन घोरणं मोजा."

घोरत होती ती. भिंतीकडे तोंड न करता, हातपाय पसरून.

परीक्षेच्या दिवशी घरच्यांना कुंपणाबाहेर उभं केलं होतं. शिडी तिने सहज केली. ओझ्याच्या वेळी तर तिने माणसाएवढा बाहुला असा खांद्यावर टाकला, की शेजारी उभी असलेली एक आई म्हणाली, "ही कुठे कामाला होती हो?" मग धावणं. शेवटच्या फेरीत ती मागून तिसरी होती. लंबू केव्हाच पोचला होता आणि पलीकडून ओरडत होता, "आजोबा, चला! आजोबा, पळा!" बाकीची पोरंही तेच ओरडायला लागली. परीक्षक गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले, मैदानावर कुठले आजोबा शिरले म्हणून. आमचे हे तार घट्ट धरून उभे होते. 

ती रेषा ओलांडून सरळ जमिनीवर पडली. परीक्षकाने हातातल्या घड्याळाकडे बघितलं, दुसऱ्याला दाखवलं, आणि मान हलवली. वेळेत होती. तिच्यामागे आलेले दोघे नव्हते.

फाटक उघडल्यावर हे सगळ्यांच्या आधी पोचले. तिच्याजवळ गुडघे टेकून बसले आणि तिच्या मनगटावर बोटं ठेवून मोजायला लागले.

"काका," ती डोळे मिटूनच म्हणाली, "हात काढा. मला श्वास घेऊ द्या."

ह्यांनी हात काढला. कुठे ठेवावा ते समजेना, म्हणून स्वतःच्याच मांडीवर ठेवला.

घरी जाताना टॅक्सीत ती मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या बसल्या झोपली. प्रशिक्षण दुसऱ्या शहरात असतं, तिथेच राहावं लागतं, हे शिट्टीवाल्यांनी निघताना सांगितलं होतं.  ह्यांनी पुढच्या सीटवरून मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि मला कुजबुजत विचारलं, "तिथे झोपायला किती तास देतात?"

"पुरेसे देत असतील," मी म्हटलं. "तिथे तुम्ही नाही."